जाहिरातीतून उतरवलेले सॉफ्टवेअर आणि चोरीला जाणारे लॉगिन

«सॉफ्टवेअर हवे असेल तर गूगलवर नाव टाका आणि सगळ्यात वर जी जाहिरात येते तिथूनच डाउनलोड करा. गूगल पैसे घेते म्हणजे तपासूनच दाखवते. क्रॅक टाकताना अँटीव्हायरस ओरडतो, तो कंपन्यांनी मुद्दाम ठेवलेला खोटा इशारा असतो. दहा मिनिटे बंद ठेवा. आणि समजा पासवर्ड गेलाच, तरी ओटीपी आपल्याच मोबाइलवर येतो, त्यामुळे कोणी काही करू शकत नाही.»

चवथ जवळ आली की गोव्यातील फोंडा, डिचोली, साखळी या भागांत फ्लेक्स, नाटकांच्या जाहिराती आणि आरतीच्या पुस्तिका यांची कामे एकदम वाढतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत हा संदेश मंडळांच्या गटांतून फिरू लागतो. त्यातील प्रत्येक वाक्यात थोडेसे तथ्य आहे. म्हणूनच तो सरसकट खोटा म्हणून बाजूला न सारता एकेक वाक्य तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

प्रथम जाहिरातीच्या जागेविषयी. शोधनिकालांच्या वरची जागा लिलावाने मिळते. गूगल जाहिरातदाराची ओळख पडताळते हे खरे, परंतु त्या पडताळणीत पैसे भरणारी व्यक्ती वा संस्था कोण आहे एवढेच पाहिले जाते. बटण दाबल्यावर उतरणाऱ्या फाइलमध्ये काय आहे, याची हमी त्यात नसते. शिवाय चोरटे अनेकदा दुसऱ्याच कोणाचे तरी चोरलेले जाहिरात-खाते वापरतात, त्यामुळे पडताळणी झालेले नाव एखाद्या निरपराध व्यावसायिकाचे असते. गूगलची यंत्रणा जाहिरात ज्या पानावर नेते ते पान तपासते, पण फसवे पान समोर कोण आले आहे ते आधी ओळखते. तपासणी करणाऱ्याला ते निरुपद्रवी मजकूर दाखवते आणि घरच्या इंटरनेटवरून आलेल्या सामान्य माणसाला अधिकृत संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेकडे पाठवते. गूगल अशा असंख्य जाहिराती काढून टाकते, हेही मान्य करायला हवे. मात्र जाहिरात काढली जाईपर्यंत ज्यांनी ती दाबली, त्यांना त्याचा काही उपयोग नसतो.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उघडकीस आलेले गिंप या मोफत चित्र-संपादकाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. शोधाच्या वर आलेल्या जाहिरातीत पत्ता म्हणून `GIMP.org` असेच दिसत होते. दाबल्यावर मात्र नावात दोन अक्षरे अधिक असलेल्या दुसऱ्याच संकेतस्थळावर माणूस पोहोचत असे आणि तिथे पान मूळ पानासारखेच सजवलेले होते. उतरणारी फाइल सुमारे ७०० एमबीची होती. प्रत्यक्षात चोरीचा प्रोग्रॅम ५ एमबीपेक्षाही लहान होता आणि उरलेली जागा निरर्थक मजकुराने फुगवलेली होती. या फुगवण्यामागे दोन हेतू असतात: एवढी मोठी फाइल पाहून ती खऱ्या सॉफ्टवेअरची आहे असे वाटावे, आणि फाइलच्या आकाराला मर्यादा असलेल्या तपासणी यंत्रणांनी ती वगळावी. आत होता तो ‘विडार’ नावाचा पासवर्डचोर. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या खोट्या जाहिरातीमागच्या पत्त्यात इंग्रजी ‘के’ या अक्षराखाली एक बारीकशी खूण होती. पडद्यावरच्या धुळीचा कण समजून नजर पुढे जावी इतकी ती बारीक होती. २०२४ मध्ये तर लॉगिनचे कोड देणाऱ्या गूगलच्याच ऑथेंटिकेटर या अ‍ॅपच्या नावाने खोटी जाहिरात गूगलवरच चालली, आणि ती देणारा जाहिरातदार पडताळणी झालेला होता. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्येच अशा जाहिरातींविषयी सार्वजनिक इशारा दिला होता आणि शोध घेताना ब्राउझरमध्ये जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन वापरावे असे सुचवले होते.

येथे आपल्याकडची एक गोष्ट नोंदवणे योग्य ठरेल. २०२२ मध्ये अनेक महिने व्हीएलसी या मोफत व्हिडिओ-प्लेअरचे अधिकृत संकेतस्थळ `videolan.org` भारतात अडवले गेले होते, आणि ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाले. त्या काळात अधिकृत पत्ता उघडत नाही म्हणून इतरत्र शोधण्याची सवय पुष्कळांना लागली, आणि अडथळा दूर झाल्यावरही ती सुटलेली नाही.

आता अँटीव्हायरसच्या इशाऱ्याविषयी. संदेशाचा हा भाग सर्वांत घातक आहे, कारण त्यात सर्वांत अधिक तथ्य आहे. पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवण्यासाठी त्याची चावी बनवणाऱ्या काही क्रॅक फाइली खरोखरच केवळ तेवढेच काम करतात, आणि विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस त्यांनाही अडवतो. अशा वेळी इशाऱ्यात बहुधा `HackTool` हा शब्द असतो, तर चोरी करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी `Trojan` किंवा `PWS` अशी नावे दिसतात. परंतु अँटीव्हायरस बंद केल्यावर यांपैकी कोणते नाव आले असते, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. आणि नाव सौम्य असले तरी आत दुसरे काही जोडलेले नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

या परिसरातील दुकानांचे संगणक दुरुस्त करण्याचे काम मी करतो, त्यामुळे एका फ्लेक्स छपाईच्या दुकानात घडलेला प्रकार मला जवळून पाहता आला. तेथील मुलाने एका महागड्या डिझाइन सॉफ्टवेअरची फुकट प्रत शोधली, वरची जाहिरात दाबली आणि एक झिप फाइल उतरवली. ती उघडण्यासाठी पासवर्ड लागत होता आणि तो पासवर्ड पानावरच मोठ्या अक्षरांत दिलेला होता. येथेच थांबायला हवे होते. जो पासवर्ड सगळ्यांना उघड दाखवला जातो, त्याने गुप्तता कसली राखली जाणार? त्याचा उपयोग एवढाच की ब्राउझर आणि अँटीव्हायरस यांना बंद फाइलच्या आत पाहता येऊ नये. दुसरी खूण आकाराची होती. झिप अवघ्या काही एमबीची होती आणि उघडल्यावर तिच्यातून शेकडो एमबीची एक फाइल बाहेर आली. खरे डिझाइन सॉफ्टवेअर इतके दाबले जात नाही. एकाच अक्षराच्या कोट्यवधी पुनरावृत्तीने फुगवलेली फाइल मात्र अशी आक्रसते. सोबतच्या सूचनेत पहिली पायरी अँटीव्हायरस बंद करण्याची होती आणि ती मुलाने पाळली. फाइल चालवल्यावर एखादी `dll` सापडत नाही असा संदेश आला, सॉफ्टवेअर काही बसले नाही, आणि प्रयत्न फसला असे समजून त्याने अँटीव्हायरस पुन्हा सुरू केला. नंतर केलेल्या पूर्ण तपासणीत काहीही आढळले नाही, कारण या जातीचे अनेक प्रोग्रॅम चोरलेला मजकूर पाठवून झाला की स्वतःला पुसून टाकतात. त्यामुळे तपासणीत काही सापडले नाही, याचा अर्थ काही गेले नाही असा होत नाही.

तिसऱ्या, म्हणजे ओटीपीच्या मुद्द्याचे उत्तर याच दुकानाच्या पुढील अनुभवात आहे. काही दिवसांनी दुकानाचे समाजमाध्यमावरील पान परक्या हातात गेले आणि त्यावरून भलत्याच वस्तूंच्या जाहिराती सुरू झाल्या. मालकांच्या मोबाइलवर एकही ओटीपी आला नव्हता, आणि त्यांना सर्वांत न उलगडलेली गोष्ट हीच होती.

ओटीपी लॉगिन करताना विचारला जातो. एकदा लॉगिन झाले की संकेतस्थळ ब्राउझरला कुकीच्या रूपाने एक ओळखपत्र देते, आणि पुढे प्रत्येक वेळी ते ओळखपत्र पाहूनच आत घेते. म्हणून तर आपल्याला रोज रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. चोरटा हीच कुकी उचलतो आणि आपल्या संगणकावरील ब्राउझरमध्ये बसवतो. संकेतस्थळाच्या दृष्टीने तो नव्याने लॉगिन करतच नाही, त्यामुळे ओटीपी मागण्याचा प्रसंगच येत नाही. विंडोजवर ब्राउझर हा साठा सांकेतिक रूपात ठेवतो खरा, पण त्याची किल्ली त्या संगणकावरील वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असते, आणि आपणच चालवलेला प्रोग्रॅम त्याच खात्याच्या अधिकाराने चालतो. जुलै २०२४ मध्ये क्रोमने १२७ व्या आवृत्तीत ही किल्ली केवळ क्रोमलाच मिळावी अशी सोय केली, तेव्हा चोरट्यांनी काही आठवड्यांतच तिच्यावर उपाय शोधले. या धंद्याचा विस्तार केवढा आहे ते पाहा: ‘लुम्मा’ या एकाच पासवर्डचोराची लागण झालेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक मायक्रोसॉफ्टला १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत आढळले होते.

बँकेच्या बाबतीत धोका वेगळ्या स्वरूपाचा आहे. आपल्या बँकांची संकेतस्थळे थोडा वेळ हालचाल नसेल तर सत्र, म्हणजे चालू असलेले लॉगिन, बंद करतात आणि पैसे पाठवताना पुन्हा ओटीपी मागतात, त्यामुळे केवळ कुकी चोरून खाते रिकामे करणे सोपे नसते. परंतु ईमेल हाती आले की इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. मोबाइलवर फुकट सिनेमे दाखवणाऱ्या एपीके अ‍ॅपची गोष्ट मात्र निराळी आहे. असे अ‍ॅप एसएमएस वाचण्याची किंवा पडद्यावरचे सगळे वाचू देणाऱ्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागू लागले, तर ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तोच मोबाइल चोराच्या नजरेखाली जातो. सिनेमा दाखवण्यासाठी या दोन्हींपैकी कशाचीही गरज नसते.

मोफत सॉफ्टवेअर हवे असेल तर पत्ता स्वतः टाइप करावा, किंवा विंडोज १० वा ११ वर टर्मिनल उघडून शोधाशिवायच ते उतरवावे, उदाहरणार्थ व्हीएलसी:

```
winget install -e --id VideoLAN.VLC
```

फाइल आधीच उतरवली असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये `Digital Signatures` हा भाग पाहावा. तेथे निर्मात्याचे नाव असायला हवे. मात्र काही प्रामाणिक मोफत प्रोग्रॅमही स्वाक्षरीविना येतात आणि काही चोरटे चोरलेली स्वाक्षरी वापरतात, त्यामुळे ही खूण एकटी पुरेशी नाही. फ्लेक्सच्या कामासाठी `inkscape.org` वरील इंकस्केप मोफत आहे आणि युनिकोड मराठी नीट दाखवते. कोरलड्रॉच्या जुन्या सीडीआर फाइली त्यात पूर्णपणे उघडत नाहीत, ही अडचण खरी आहे आणि ती लक्षात घेऊनच निर्णय करावा.

अशी फाइल चालवली गेलीच असेल, तर त्याच संगणकावर पासवर्ड बदलू नयेत, कारण चोर अजून तेथे असेल तर नवा पासवर्डही त्याला मिळेल. तो संगणक इंटरनेटपासून तोडावा आणि दुसऱ्या उपकरणावरून प्रथम ईमेलमध्ये जाऊन सर्व उपकरणांवरील सत्रे बंद करावीत, मग पासवर्ड बदलावा. त्यानंतर पुनर्प्राप्तीचा मोबाइल क्रमांक आणि मेल पुढे पाठवण्याचे नियम तपासावेत, कारण परत येण्याची वाट चोर बहुधा तेथेच ठेवून जातो. मग बँक आणि समाजमाध्यमे यांच्याकडे वळावे. संगणकावर विंडोज नव्याने बसवावे. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवावी. उतरवलेली झिप, ब्राउझरच्या इतिहासातील पत्ता आणि जाहिरातीचे छायाचित्र यांची प्रत विंडोज पुसण्यापूर्वी वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावी, म्हणजे तक्रारीसोबत देता येते.