कॅल्क्युलेटरच्या शंभर ट्रिका कोण विकतंय पोरांना?

आज विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानात एक इंजिनिअरिंगचं पोरगं 'कॅल्क्युलेटरच्या शंभर ट्रिका' असं छापलेली पानं घेत होतं. परीक्षा तोंडावर, विषय न्यूमरिकल मेथड्स. त्यात व्हेक्टर होते, बेस-एन होतं, कॉम्प्लेक्स होतं. यातलं त्याच्या पेपरात काय येतं, हे सांगणारी एक ओळ नव्हती. डोकंच फिरलं माझं.

अरे, जुने पाच-सहा पेपर समोर घ्या आणि फक्त आकडेमोडीचे प्रश्न वेगळे काढा. प्रत्येकासमोर लिहा की यात हाताने सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो. न्यूटन-रॅफसनमध्ये तेच सूत्र पुन्हापुन्हा चालवण्यात जातो. सिम्पसनमध्ये f(x) च्या किमती काढण्यात जातो. वेळ जिथे जातो तिथलंच बटण शिकायचं. व्हेक्टरचा प्रश्न एकाही पेपरात नसेल तर व्हेक्टर मोड उघडायचाच कशाला?

न्यूटन-रॅफसनच घ्या. `x·e^x = cos x` हे तर नेहमीचं गिऱ्हाईक. कॅसिओच्या fx-991ES Plus वर आधी SHIFT, MODE, 4 दाबून रेडियन करा. मग `0.5` टाकून = दाबा, म्हणजे ते Ans मध्ये बसतं. आता हे टाका:

```
Ans-(Ans×e^(Ans)-cos(Ans))÷((Ans+1)×e^(Ans)+sin(Ans))
```

आता नुसतं = दाबत राहा. पहिल्यांदा 0.518026, दुसऱ्यांदा 0.517757, पुढे सहाव्या दशांशापर्यंत आकडा हलत नाही. झालं!

पोरं चुकतात ती e च्या घातात. घात लिहून झाल्यावर उजवा बाण दाबून खाली यायचं असतं. तो राहिला की पुढचं सगळं घातातच चढतं आणि उत्तर भलतंच येतं. दुसरं म्हणजे, मधेच वेगळा हिशेब केला की Ans बदलतं. म्हणून आलेला आकडा आधी उत्तरपत्रिकेत उतरवा, मगच पुढचं =.

आणि उत्तर 0.5671 आलं तर पायऱ्या तपासत बसू नका. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बारीक D दिसतोय का ते बघा. डिग्रीत cos ची किंमत जवळजवळ 1 च येते, म्हणून ते `x·e^x = 1` चं उत्तर देऊन मोकळं होतं. यात चिडण्यासारखं काय, तर आकडे इथेही छान स्थिरावतात. त्यामुळे पोराला वाटतं, आपलं बरोबर आलं.

सिम्पसनसाठी `1÷(1+x²)` चं 0 ते 1 इंटिग्रेशन घ्या. MODE 7, म्हणजे टेबल. `1÷(1+X²)` टाका, Start 0, End 1, Step 0.25. g(x) विचारलं तर रिकामंच ठेवून = दाबा. पाच किमती एका खाली एक येतात: 1, 0.941176, 0.8, 0.64, 0.5. आकडा तुटका दिसला तर त्या चौकटीवर जा, खाली पूर्ण दिसतो. AC दाबायच्या आधी सगळं उतरवून घ्या. मग COMP मध्ये येऊन (MODE 1):

```
0.25÷3×(1+0.5+4×(0.941176+0.64)+2×0.8)
```

उत्तर 0.785392. त्या पानांत याच प्रश्नाला 'थेट ∫ बटण दाबा' असं छापलं होतं. ते बटण 0.785398 देतं, म्हणजे π/4. जास्त अचूक आहे, पण सिम्पसनचं नाही! खाली पाच किमतींचा तक्ता आणि उत्तर भलतंच, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. मार्क तक्ता, सूत्र आणि मांडणीला असतात. ∫ वापरायचं ते शेवटी, आपलं उत्तर जवळपास आहे ना एवढंच बघायला. पहिल्याच दशांशात फरक दिसला तर बहुतेक 4 आणि 2 चे गुणक उलटे लागलेत.

बरं, नुसते पर्याय निवडायच्या पेपरात ∫ पुरतं, मान्य. पण गेटला स्वतःचं कॅल्क्युलेटर आत नेताच येत नाही, स्क्रीनवरचं वापरावं लागतं. तिथे ही बोटांची सवय काय कामाची?

त्या पोराला तरी काय बोलणार? घाबरलेलं होतं बिचारं, कुणीतरी सांगितलं आणि आलं घ्यायला. घरात असं कुणी असेल तर पानं बाजूला ठेवायला लावा. जुन्या पेपरातला एक न्यूटनचा आणि एक सिम्पसनचा प्रश्न त्याच्याच कॅल्क्युलेटरवर, परीक्षेला नेणार त्याच मशीनवर, सोडवून घ्या. मित्राचं उसनं आणलेलं 991MS असेल तर त्यात टेबल मोडच नाही. तिथे सूत्र X घालून लिहायचं आणि CALC दाबून एकेक किंमत काढायची. हे आदल्या रात्री कळण्यापेक्षा आज कळू दे त्याला.