कटाकटाला टक टक टक, वैताग आलाय नुसता

आज भांडायच्या मूडमध्ये आहे, आधीच सांगतो. एका क्लायंटचा एक तासाचा इंटरव्ह्यू एडिट करतोय, दोन माणसं, दोन कॉलर माईक, आणि पाहुणे असे की दर तिसऱ्या शब्दाला अंऽऽ, म्हणजे काय की, अंऽऽ. ते सगळे अं काढले, एकूण 187 कट झाले, खाली क्लायंटने दिलेलं म्युझिक टाकलं, पाठवलं, सगळे खूश. आणि काल रात्री पावणेअकराला मेसेज, "दादा म्युझिक जरा जास्त वाटतंय, काढूनच टाका ना, सकाळी अपलोड आहे."

काढलं. आणि हेडफोन लावून ऐकलं तर टक. टक. टक टक. अख्खा तासभर पाल चुकचुकतीये असं वाटत होतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर काही कळत नव्हतं आणि इतके दिवस म्युझिकखाली हे सगळं झाकलं गेलं होतं, म्हणजे चूक माझीच, पण म्हणून राग येऊ नये असं कुठे लिहिलंय.

आता कोणीतरी शहाणा म्हणेल की शांततेत कट मारायचा, दोन शब्दांच्या मधल्या गॅपमध्ये, मग टक येत नाही. अरे बाबा मी गॅपमध्येच मारले होते! पण ती शांतता खरी शांतता नसते. त्या खोलीत पंखा चालू होता (बंद करा म्हणालो होतो, पाहुण्यांना उकडत होतं) आणि त्याची घरघर म्हणजे वेव्हफॉर्म सतत वरखाली होतेय. पहिला तुकडा संपतो तेव्हा लाट मधल्या रेषेच्या वर असते, दुसरा सुरू होतो तेव्हा खाली. मधे काही नाही, सरळ उडी. स्पीकरचा पडदा एका सॅम्पलमधून दुसऱ्या सॅम्पलमध्ये असा झटक्यात फेकला जातो आणि त्या झटक्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, म्हणून पंख्याची घरघर ऐकू येत नाही पण हा टक बरोबर कानात टोचतो. आणि वर माझा कॉम्प्रेसर बसलेला, जो हळू आवाज वर उचलतो, म्हणजे टकाला पण उचलून धरणार. वा.

मग म्हणे झीरो क्रॉसिंगवर कापा, जिथे लाट मधली रेषा ओलांडते तिथे. बरं, कापतो. पण व्हिडिओच्या टाइमलाइनवर कट फ्रेमवरच पडतो. 25 फ्रेमचा व्हिडिओ म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंद, आणि 48 हजारच्या ऑडिओत एका फ्रेममध्ये 1920 सॅम्पल. त्यातलं माझं झीरो क्रॉसिंग नेमकं फ्रेमच्या काठावर येऊन उभं राहील का, मुहूर्त काढून? टाइमलाइन ऑडिओच्या युनिटवर टाकून 187 ठिकाणी हाताने शोधायचं तर सकाळ काय, दिवाळी उजाडेल. आणि शोधलं तरी एक लाट वर चढताना रेषा ओलांडतेय आणि दुसरी उतरताना, तर तिथे कोपरा पडतोच, टक बारीक होतो इतकंच.

म्हणजे उपाय एकच, प्रत्येक कटावर छोटासा क्रॉसफेड. पहिला तुकडा विरत जातो, दुसरा चढत येतो, उडीचा उतार होतो. सगळं सिलेक्ट केलं, डीफॉल्ट ट्रान्झिशन मारलं, चहा करायला उठलो, परत येऊन ऐकतो तर सगळे अं परत आलेले! भुतासारखे, हळू आवाजात, पण परत. कारण ते डीफॉल्ट असतं एक सेकंदाचं. एक सेकंद! क्रॉसफेडला कटाच्या पलीकडचा माल लागतो, आणि माझ्या कटाच्या पलीकडे काय आहे, तर मी कापून फेकलेला अं. बरोबर तोच उचलून आणणार. बोलण्याच्या कटावर एक सेकंदाचा फेड कोणाला लागतो हे मला एकदा कोणीतरी समोर बसवून सांगा.

कमी करून एक फ्रेम केलं, त्याहून कमी ते घेईना. एक फ्रेम मधोमध म्हणजे दोन्हीकडे वीस वीस मिलिसेकंद, बहुतेक ठिकाणी चाललं. पण एका जागी "पैसे अंऽऽ परत आले" मधला अं काढला होता आणि कट अगदी प ला चिकटून. तिथे ऐकलं तर "पैसे अ्परत", अं ची शेपटी राहिली. असे तीसेक कट निघाले. ते सगळे ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन 5 ते 10 मिलिसेकंदांवर आणले, आणि फेड पूर्ण प च्या आधी संपवला, नाहीतर प चा फटका बोथट होतो आणि माणूस तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा वाटतो. पंख्याच्या लाटेला दहा मिलिसेकंद पुरतात, टक गेला. रीपरमध्ये आयटमच्या काठांना असे बारीक फेड आपोआप लागायचं सेटिंग आहे, माझ्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरला मात्र एवढी अक्कल नाही.

आणि हे सगळं तरी पहिल्या अर्ध्या तासाचं. दुसरा अर्धा तास क्लायंटकडच्या पोराने "मदत म्हणून" आधीच कापून ठेवला होता, आणि प्रत्येक तुकडा वेगळी फाइल करून दिला होता, काठोकाठ कापलेला, पुढेमागे एक मिलिसेकंदही जादा नाही. हँडलच नाही तर क्रॉसफेड कशाचा करू? मी रात्री दीडच्या झोपेत ते तुकडे एकमेकांवर दहा दहा मिलिसेकंद सरकवले. टक गेले, मी खूश. 46 कट होते. शेवटी पोचलो तर आवाज ओठांच्या आधी! 46 गुणिले 10, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद आवाज पुढे पळाला, कारण प्रत्येक ओव्हरलॅपला मागचं सगळं थोडं थोडं पुढे सरकतं आणि व्हिडिओ बिचारा जागेवरच. सगळं अनडू केलं. मग सरळ प्रत्येक तुकड्याच्या शेवटी 5 मिलिसेकंद फेड आउट, सुरुवातीला 5 फेड इन, ओव्हरलॅप नाही, लांबी तीच. मधे पंखा क्षणभर गायब होतो पण इतक्या कमी वेळात ते कोणाला कळत नाही.

पहाटे चार. सगळं साफ. आणि एकविसाव्या मिनिटाला अजून एक टक. फेड 5 चा 10 केला, 10 चा 20, जात नाही. कट इकडे सरकवला, तिकडे सरकवला, टक आपला जागच्या जागी. शेवटी कंटाळून कटच काढून टाकला, ओरिजिनल फाइल सलग लावली तरी टक. मग चित्राकडे बघितलं. पाहुण्यांच्या हातात बॉलपेन.