शिरोबिंदू तक्त्यातच असतो का?

"तक्त्यात y ची सगळ्यात लहान किंमत आली की तोच शिरोबिंदू. दोन बिंदूंची किंमत सारखी आली तर ते पट्टीने जोडून तळ सपाट दाखवायचा."

द्विघाती समीकरणाचा आलेख काढताना वक्राचा सगळ्यात खालचा बिंदू, म्हणजे शिरोबिंदू, असा ठरवला जातो. हे चूक आहे. डिचोलीत माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दोन मुलींच्या वह्यांत असेच सपाट तळ बघितले, म्हणून लिहितो.

त्यांचंच उदाहरण घ्या: y = x² − 3x + 1. x ला 0, 1, 2, 3 दिले की y येतो 1, −1, −1, 1. तळाशी (1, −1) आणि (2, −1) एकाच उंचीवर आहेत. याचा अर्थ सममिती अक्ष त्यांच्या बरोबर मधून, x = 1.5 वरून जातो. ती किंमत समीकरणात घाला: y = −1.25. शिरोबिंदू (1.5, −1.25) हा. तो तक्त्यात नव्हताच! हा बिंदू मांडा आणि वक्र हाताने काढा, पट्टी नको.

y अक्षावरचा छेद 1, तो सरळ दिसतो. मुळं म्हणजे वक्र x अक्षाला छेदतो तिथले x. एक सेंटिमीटरला एक एकक घेतलं तर ती साधारण 0.4 आणि 2.6 वाचता येतात. खऱ्या किंमती 0.38 आणि 2.62 च्या आसपास आहेत. मिलिमीटरच्या कागदावर याहून बारीक वाचता येत नाही, म्हणून उत्तरात "अंदाजे" लिहाच. वाचलेल्या दोन मुळांचा मध्य 1.5 आला नाही, तर वक्र एका बाजूला कललाय असं समजा.