तीनदा वर्कशॉप, मग नवी गाडी? असं नसतं

“नवी गाडी एकाच दोषासाठी तीनदा वर्कशॉपला गेली की कायद्याने डीलरला ती बदलून द्यावीच लागते. दोन ओळींचं पत्र टाका. कंपनीला मध्ये आणू नका. गाडी वर्कशॉपमध्येच सोडा, डिलिव्हरी घेऊ नका. सात दिवसांत नवी गाडी दारात!”

माझ्या मेव्हण्याने हा मेसेज मला पाठवला तेव्हा त्याची गाडी होटगी रोडवरच्या वर्कशॉपमध्ये चौथ्यांदा उभी होती.

आपल्याकडे असा तीनचा आकडा कुठल्याच कायद्यात नाही. अमेरिकेतल्या राज्यांत ‘लेमन लॉ’ आहेत, तिथे दुरुस्तीच्या प्रयत्नांची मोजणी चालते. तिथलंच काहीतरी कोणीतरी इकडे आणून चिकटवलंय. आपल्याकडे 2019चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम 39 खाली ग्राहक आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायलाही सांगू शकतो. यातलं काय द्यायचं हे आयोग ठरवतो. आणि 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गाडीच्याच प्रकरणात म्हटलंय की सदोष भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. म्हणजे पत्रातून दाखवायचं ते हे, की भाग बदलूनही काम झालं नाही.

ते दोन ओळींत दाखवता येत नाही. मेव्हण्याची तक्रार एकच होती: कूलंट कमी होतं आणि तुळजापूरचा घाट चढताना तापमानाचा दिवा लागतो. पण जॉब कार्डं पाहिली तर पहिल्यावर ‘जनरल चेकअप’, दुसऱ्यावर ‘एसी थंड करत नाही’. कागदोपत्री दोन वेगळेच बिघाड! सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत आपल्या शब्दांत लिहितो आणि आपण न वाचता सही करतो. सुदैवाने बिलांवर केलेलं काम होतं. 1,800 किलोमीटरला कूलंट भरलं, 3,100ला कॅप बदलली, 4,650ला होज, 6,200ला वॉटर पंप. त्यांवरून पत्रात तक्ता केला: तारीख, किलोमीटर, तक्रार, केलेलं काम, गाडी किती दिवस अडकली. एकूण 11 दिवस भरले. पहिल्या दोन कार्डांवर तक्रार चुकीची लिहिली गेली, हेही पत्रात स्पष्ट सांगितलं. लपवलं असतं तर डीलरने तेच आधी दाखवलं असतं.

शिवाय नेमका प्रश्न विचारला. बाहेर कुठे गळती दिसत नाही आणि कूलंट तरी कमी होतं, तर ते इंजिनाच्या आत जातंय का? थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट केली का? कूलंटच्या टाकीत जळलेला वायू येतोय का, हे रंग बदलणाऱ्या द्रावाने तपासलं का? इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, म्हणजे हेड गॅसकेट, गेल्याचा संशय असला की या तपासण्या करतात. चार खेपांच्या कागदांत त्यांचा उल्लेखही नव्हता.

कंपनीला वगळणं तर सरळ नुकसान. वॉरंटी सहसा कंपनीची असते, डीलर ती राबवतो. डीलर म्हणेल दोष बनावटीतला, कंपनी म्हणेल दुरुस्ती डीलरची. म्हणून पत्र डीलरच्या नावे, प्रत कंपनीला, दोन्ही स्पीड पोस्टाने पोहोच घेऊन, आणि ईमेलनेही.

गाडी सोडून द्यायचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. ‘काम झालंय, घेऊन जा’ असं डीलरचं पत्र आलं की अडेल तुम्ही ठरता, वर पार्किंगचे पैसे मागतात ते वेगळंच. आम्ही डिलिव्हरी घेतली, पण सॅटिस्फॅक्शन नोटवर लिहिलं, ‘तक्रार कायम, निषेध नोंदवून गाडी घेतली.’ आणि दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. पुरावा वाढावा म्हणून तशीच दामटली तर इंजिन तुम्हीच जाळलं, असं म्हणायला ते मोकळे.

मागणी अशी लिहिली: त्याच मॉडेलची नवी गाडी, ते जमत नसेल तर गाडीची किंमत, आरटीओ कर आणि विम्याची रक्कम परत, 15 दिवसांत लेखी उत्तर, नाहीतर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. आपण राहतो तिथे ती करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. परतावा मिळालाच तर वापराबद्दल कपात होऊ शकते, हे मेव्हण्याला आधीच सांगून ठेवलं.

तेराव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. द्रावाचा रंग निळ्याचा पिवळा झाला, म्हणजे जळका वायू कूलंटमध्ये येत होता. आता ते हेड गॅसकेट बदलून देतो म्हणतात. मेव्हण्याने होकार दिलाय, पण लेखी: कूलंट पुन्हा कमी झालं तर पत्रातली मागणी कायम.