गटचर्चा आणि मुलाखत: पॅनेलच्या कागदावर नेमके काय लिहिले जाते

“जीडीत जो पहिला बोलतो आणि सगळ्यात जास्त बोलतो, त्याचंच सिलेक्शन होतं. मुलाखतीचा निकाल पहिल्या दोन मिनिटांत लागलेला असतो, बाकीचा नुसता देखावा. प्रश्न आला नाही तरी ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही, आत्मविश्वासानं ठोकून द्यायचं. ‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘एमबीए का’ ही दोन उत्तरं घोटून पाठ असली की काम झालं.”

एमबीए प्रवेशाच्या गटचर्चेची आणि मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना हे चार सल्ले सर्रास ऐकवले जातात. यातील पहिला दावा सर्वांत जुना आहे आणि तो अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करायला हवे. नेता न नेमता गटाला चर्चेला बसवायचे आणि कोण कसा वागतो ते पाहायचे, ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडण्यासाठी वापरली. पुढे बर्नार्ड बास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तिचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा जास्त वेळ बोलणाऱ्यांना नेतृत्वाचे गुणही जास्त मिळतात, असे त्याला आढळले. परंतु प्रवेशप्रक्रियेतील परीक्षकांनाही हा कल ठाऊक असतो, आणि म्हणूनच गुणपत्रिकेवर आशय, इतरांचे ऐकून त्यावर भर घालणे आणि गटातील वर्तन यांचे रकाने सहसा वेगवेगळे ठेवलेले असतात. दोन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात आणि फार तफावत पडली तर बोलून घेतात.

साधा हिशोब करून पाहा. दहा उमेदवार आणि पंधरा मिनिटे म्हणजे 900 सेकंद, अर्थात प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 90 सेकंद. एकाने चार मिनिटे घेतली तर उरलेल्या नऊ जणांना जेमतेम 73 सेकंद मिळतात. त्या चार मिनिटांत नवे मुद्दे दोनच असतील, तर उरलेला वेळ त्याने इतरांकडून काढून घेतला, ही नोंद त्याच्या नावापुढे होते.

समजा, विषय आहे ‘कंपन्यांनी घरून काम करण्याची मुभा कायम ठेवावी का?’ एक उमेदवार विषय वाचून होताच सुरुवात करतो, घरून काम म्हणजे काय याची व्याख्या देतो, प्रवासाचा वेळ वाचतो आणि एकटेपणा वाढतो अशा दोन्ही बाजू सांगतो आणि सव्वा मिनिट घेतो. त्यानंतर पाच मिनिटे गट ‘फायदे’ आणि ‘तोटे’ यांच्यातच फिरत राहतो. सहाव्या मिनिटाला एक उमेदवार म्हणते की आपण सगळी कामे एकाच पिशवीत टाकतो आहोत. ज्या कामाचे फलित एकेका माणसाचे वेगळे मोजता येते ते काम, आणि जे एकमेकांना सतत विचारून पुढे सरकते ते काम, यांचा निर्णय वेगवेगळा असायला हवा, आणि नव्याने रुजू झालेल्यांचे काम सुरुवातीला दुसऱ्या प्रकारातच मोडते. याला तिला अर्धे मिनिट पुरते. नंतरचे चार जण तीच विभागणी धरून बोलू लागतात. आशयाच्या रकान्यात तिला गुण मिळतात ते या परिणामामुळे, कारण तिच्या बोलण्यानंतर चर्चेची दिशा बदलली. सुरुवात करणाऱ्याने हीच विभागणी पहिल्या मिनिटात मांडली असती, तर आधी बोलण्याचा त्याला खरोखर लाभ झाला असता. चर्चेला आराखडा देणारी सुरुवात मोलाची असते, मात्र व्याख्या वाचून दाखवणारी सुरुवात दहाव्या क्रमांकाच्या बोलण्याइतकीच सामान्य ठरते.

हल्ली शिकवणी वर्गांनी याला एक जोड दिली आहे: शांत बसलेल्या उमेदवाराला ‘आपण काहीच बोलला नाहीत, आपले मत काय?’ असे विचारायचे. परीक्षकांनी हे इतक्या वेळा पाहिलेले असते की त्याचे वेगळे गुण मिळत नाहीत. कोणी अर्धवट राहिलेला मुद्दा मांडत असताना त्याचे बोलणे तुटले, आणि तुम्ही ‘त्यांचा खर्चाचा मुद्दा पूर्ण होऊ द्या, तो आपल्या प्रश्नाशी जोडलेला आहे’ असे म्हटले, तर मात्र तुम्ही ऐकत होतात याचा तो पुरावा ठरतो. सगळे एकदम बोलू लागून मासळी बाजार झाला, तर सर्वांत मोठा आवाज काढणे निरुपयोगी आहे. एक छोटे वाक्य, आधी बोललेल्याच्या मुद्द्याचा उल्लेख करून, दोन श्वासांच्या मधल्या जागेत टाकणे हीच त्यातली वाट. शेवटी सारांश मागितला, तर तो गटाने काय म्हटले याचा द्यायचा असतो, मतभेद कुठे राहिला हेही सांगायचे असते. त्यात स्वतःचा नवा मुद्दा घुसवणारे बरेच असतात आणि तिथेच गुण गमावतात.

याची तयारी एकट्याने होत नाही. आठ-दहा जण जमवा, आणि एकाला चर्चेबाहेर बसवून प्रत्येक बोलण्यापुढे ‘नवा मुद्दा’, ‘आधीच्यावर भर’ किंवा ‘पुनरुक्ती’ यांपैकी एक खूण करायला सांगा. चर्चा संपल्यावर आपल्या नावापुढच्या खुणा मोजल्या की किती वेळ बोललो याचे समाधान लगेच ओसरते. आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी: आपण अर्ज केलेली संस्था गटचर्चा घेते का? अहमदाबाद आणि बंगळूरच्या आयआयएम लेखन चाचणी आणि मुलाखत घेतात, तर अमेरिकेतील व्हार्टन ही व्यवस्थापन संस्था विषय आधीच कळवून उमेदवारांना गटाने एक ठोस प्रस्ताव तयार करायला लावते. तिथे विरोधकाला हरवण्याची तयारी करून गेलेला माणूस पहिल्या मिनिटापासूनच चुकीचा खेळ खेळत असतो.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. प्रथमदर्शनी मत बनते, हे खरे; माणसाचा स्वभावच तो. म्हणूनच सर्वांना समान निकषांवर प्रश्न विचारून प्रत्येक निकषाचे गुण वेगळे द्यावेत, अशी पद्धत रूढ झाली. श्मिट आणि हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये निवडपद्धतींवरील अनेक दशकांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा आखीव मुलाखती सैल गप्पांपेक्षा पुढील कामगिरीचा अधिक चांगला अंदाज देतात, असे दिसले. सगळ्याच संस्था हे काटेकोरपणे पाळतात असे नाही. तरीही सुरुवात अडखळली म्हणून उरलेली वीस मिनिटे सोडून देणाऱ्याचे नुकसान त्या अडखळण्याने होत नाही, सोडून देण्याने होते.

तिसरा सल्ला या चारांत सर्वांत घातक आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला पॅनेलने विचारले, ‘कंपनीला नफा झाला, तरी तिच्या खात्यात रोकड नसते, असे कसे?’ ठोकून देणारा उमेदवार म्हणतो, ‘जाहिरातीवर बराच खर्च झाला असेल.’ वाक्य ठाम असते, पण जाहिरातीचा खर्च वजा करूनच नफा काढलेला असतो, त्यामुळे ते उत्तर एका क्षणात कोसळते. आणि नफा म्हणजे काय हेच या पदवीधराला कळलेले नाही, ही नोंद उरते. दुसरा उमेदवार म्हणतो, ‘पूर्ण उत्तर मला येत नाही, पण विचार करून सांगतो. माल उधारीवर विकला तर विक्री नफ्यात धरली जाते, पैसे मात्र नंतर येतात. म्हणजे ज्या ज्या ठिकाणी नोंद आणि पैसा वेगवेगळ्या वेळी हलतात, तिथे हा फरक पडेल.’ पॅनेल त्याला एक ढकलणी देते: ‘आणि कर्जाची मुद्दल फेडली तर?’ तो थांबतो आणि म्हणतो की मुद्दल हा खर्च नसल्यामुळे नफा तोच राहील, रोकड मात्र कमी होईल. एका तत्त्वावरून दुसऱ्या प्रसंगापर्यंत तो गेला, आणि पॅनेलला पाहायचे होते ते हेच. ‘माहीत नाही’ हे उत्तर वाईट नसते. जिथे विचार करून पुढे जाता आले असते तिथेही त्यावरच थांबणे वाईट असते. अंदाज सांगायचा असेल तर तो अंदाज आहे असे म्हणून सांगावा. मात्र पदवीच्या मुख्य विषयांतील पायाभूत प्रश्नांवर ही सवलत फारशी मिळत नाही, म्हणून आवडते म्हणून सांगायचे दोन विषय निवडून त्यांची मूळ पुस्तके पुन्हा वाचणे भाग आहे.

चौथ्या मुद्द्यातील दोन प्रश्न विचारले जातातच, परंतु बहुतेक वेळा ते दार उघडण्यापुरते असतात. खरी तपासणी त्यानंतरच्या उपप्रश्नांत होते, आणि उपप्रश्न निघतात ते अर्जात तुम्ही स्वतः लिहिलेल्या ओळींमधून. समजा, उमेदवाराने लिहिले आहे, ‘पुरवठादारांशी नव्याने बोलणी करून वेष्टनाचा खर्च 12 टक्क्यांनी कमी केला.’ पॅनेल विचारते, ‘एकूण खर्च की नगामागे?’ तो म्हणतो, एकूण. ‘त्या वर्षी उत्पादन किती होते?’ आधीच्या वर्षापेक्षा 10 टक्क्यांनी कमी, असे तो सांगतो. आता आधीच्या वर्षीचा खर्च 100 आणि उत्पादन 100 धरा. नंतरचा खर्च 88 आणि उत्पादन 90, म्हणजे नगामागचा खर्च 88 भागिले 90, सुमारे 0.98. बोलण्यांमुळे झालेली बचत 2 टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीची घट माल कमी बनल्यामुळे आपोआप झालेली आहे. हे गणित पॅनेलवरील प्राध्यापक मनातल्या मनात करतात, आणि उमेदवार तिथे पहिल्यांदाच ते करत असेल तर त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते.

पुढचे प्रश्न त्याच धाग्याने येतात. पुरवठादार कमी दराला का तयार झाला, त्याला पैसे लवकर द्यायचे कबूल केले होते का, आणि तसे असेल तर कंपनीची किती रोकड त्यात अडकली? बोलणीला तुम्ही बसला होतात की तुमचे वरिष्ठ? तुम्ही त्या संघात नसता तर काय झाले असते? यांतल्या शेवटच्या प्रश्नाला ‘बोलणी वरिष्ठांनी केली, मी तीन पुरवठादारांच्या दरांचा तक्ता करून दिला, आणि त्यातून एकजण वाहतुकीचे पैसे दोनदा लावत असल्याचे दिसले’ असे उत्तर देणारा उमेदवार, सगळे श्रेय स्वतःकडे घेणाऱ्यापेक्षा पॅनेलला अधिक खरा वाटतो, कारण त्याचे काम लहान असले तरी ते त्याला आतून माहीत आहे.

पाठांतर इथे उपयोगी पडत नाही, कारण पाठ केलेले उत्तर दुसऱ्या उपप्रश्नापाशी संपते. ‘एमबीए का’ याचे उत्तरही याच कसोटीवर उतरायला हवे: तुमच्या कामातला कोणता निर्णय तुम्हाला घेता आला नाही आणि कोणते ज्ञान कमी पडले, हे सांगता आले, तर ‘मग दोन वर्षे तिथेच राहून का शिकत नाही?’ या प्रतिप्रश्नाला उत्तर मिळते. तयारीसाठी अर्जाची प्रत काढून प्रत्येक विधानाखाली किती, कशाच्या तुलनेत, त्यात माझा हात कुठे आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे चार प्रश्न लिहावेत. उत्तरे त्याच खात्यात काम केलेल्या एखाद्या सहकाऱ्यासमोर द्यावीत, कारण आकडा कुठे फुगला आहे हे मित्रांना कळत नाही, त्याला कळते. अर्ज भरण्याआधीच हे केले, तर 12 च्या जागी 2 लिहून त्याखाली त्या तक्त्याची ओळ घालता येते.