सकाळी १० चा स्टँडअप आणि रात्री साडेअकराला सुटणारी माणसं

"स्टँडअप सकाळी १० लाच. दिवसाची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे. लेट शिफ्टवाल्यांनी घरून जॉईन व्हावं, १५ मिनिटांचा तर प्रश्न आहे. नाहीच जमलं तर ग्रुपवर मेसेज टाकावा. शिफ्टप्रमाणे वेळ बदलत बसलात तर शिस्त राहत नाही."

स्टँडअपबद्दलचा, म्हणजे टीमच्या रोजच्या १५ मिनिटांच्या मीटिंगबद्दलचा, हा मेसेज मला या महिन्यात तीन वेगळ्या ग्रुपवर आला, आणि तिसऱ्या वेळी तर आमच्याच टीममधल्या नवीन लीडनं टाकला, म्हणून बसून लिहितोय. मी रत्नागिरीत काम करतो. आमची नऊ जणांची टीम आहे, क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्याच्या गोदामांचं ऑर्डर सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. पाच जण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, चार जण दुपारी अडीच ते रात्री साडेअकरा. मी स्वतः दोन वर्षं लेट शिफ्ट केलीय, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे.

आधी "सकाळी" या शब्दाबद्दल. हा नियम कुठून आला कोणास ठाऊक, पण लोक स्क्रम या कामाच्या पद्धतीचं नाव घेऊन सांगतात म्हणून स्क्रम गाइडचंच बघू. २०२० च्या आवृत्तीत एवढंच आहे की डेली स्क्रम, म्हणजे आपला स्टँडअप, १५ मिनिटांचा असावा आणि कामाच्या प्रत्येक दिवशी एकाच वेळी, एकाच जागी व्हावा, म्हणजे गुंतागुंत कमी राहते. सकाळी घ्या असं कुठेच लिहिलेलं नाही. सकाळची सवय पडली कारण बहुतेक टीम एकाच वेळी ऑफिसात येतात आणि त्यांचा दिवस तिथून सुरू होतो. आमच्याकडे सकाळी १० ला दिवस पाच जणांचा सुरू होतो, उरलेल्या चार जणांचा सुरू व्हायला अजून साडेचार तास असतात.

आता "१५ मिनिटांचा तर प्रश्न आहे". पावस गावची एक मुलगी आहे आमच्याकडे, साडेअकराला सुटते, ऑफिसची कॅब आणखी दोघांना सोडत सोडत जाते, घरी पोचेपर्यंत साडेबारा, हातपाय धुऊन दोन घास खाऊन पाठ टेकेपर्यंत दीड. १० ला बोलायचं तर नऊला उठून लॅपटॉप लावायला हवा, आणि पावसाळ्यात लाईट गेली की मोबाईलच्या नेटवर, खिडकीपाशी रेंज शोधत. मग सव्वादहाला मीटिंग संपली की पुढचे चार तास ना धड झोप, ना धड घरचं काम, कारण डोकं ऑफिसात जाऊन आलेलं असतं. म्हणजे हिशेबात १५ मिनिटं, पण तिची सगळी सकाळ मोडते, आठवड्यातून पाच वेळा, आणि ती शिफ्टमध्ये धरलीही जात नाही. दिवसवाल्या पाच जणांना कुणी रात्री साडेनऊला रोज १५ मिनिटं बस म्हणालं तर चालेल का, एवढंच विचारा.

बरं, त्रास होतो हा एक भाग झाला, पण मला खरं बोलायचंय ते कामाचं नुकसान होतं त्याबद्दल. आमच्याकडे घडलेलं सांगतो, तेव्हा आमचाही स्टँडअप १० लाच होता. एका रात्री पावणेअकराच्या सुमाराला क्लायंटची ऑर्डर फाईल आत घेणारा जॉब सारखा पडायला लागला. कारण सापडलं, काही ओळींमध्ये तारखेचा रकाना रिकामा होता. पाऊण तासात शिफ्ट संपणार, म्हणून त्या पावसच्या मुलीनं तात्पुरती सोय केली, तारीख नसलेल्या ओळी वगळून बाकीच्या आत घ्यायच्या. जॉब हिरवा झाला. २१२ ओळी बाजूला राहिल्या, त्या दुसऱ्या दिवशी तारीख भरून परत चढवायच्या असं तिच्या डोक्यात होतं. सकाळी १० ला कॉलवर विचारलं, रात्रीच्या इम्पोर्टचं काय? ती म्हणाली, "चालू झाला दादा." हे खरंच होतं, चालू झालाच होता. पण समोर कामांचा बोर्ड उघडा नव्हता, लॉग नव्हता, अर्धी झोप डोळ्यांवर, ते २१२ तोंडात आलंच नाही. दिवसवाल्यानं बोर्डवरचं त्या अडचणीचं तिकीट बंद केलं. ती अडीचला आली तेव्हा तिकीट तिच्या यादीतूनच गेलेलं, आणि इतर कामं होतीच. संध्याकाळी साडेसहाला क्लायंटचं ऑफिस उघडलं आणि पहिला फोन, ऑर्डरी गायब आहेत म्हणून.

यात चूक तिची असं त्या वेळी म्हटलं गेलं, आणि मला ते आजही लागतं. तीच मुलगी, तोच प्रश्न, पण समोर स्क्रीन उघडी आणि शिफ्टमध्ये अर्धा तास घालवलेला असता, तर "चालू झाला, पण २१२ ओळी बाकी आहेत" हे वाक्य आपसूक आलं असतं. माणूस कामात असताना बोलतो आणि झोपेतून उठून बोलतो, यात हा एवढा फरक असतो.

यावर एक मुद्दा येतो आणि तो रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे. रात्री काय झालं हे दिवसवाल्यांना सकाळीच कळायला हवं ना, दुपारपर्यंत कसं थांबणार? बरोबर. पण ते काम स्टँडअपचं नाही, हँडओव्हरचं आहे, आणि आपण या दोन गोष्टी एकत्र कालवतो तिथेच सगळं बिघडतं. हँडओव्हर म्हणजे जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी ठेवलेली चिठ्ठी, ती शिफ्ट संपताना, सगळं डोळ्यांसमोर असताना लिहायची. स्टँडअप म्हणजे आता पुढे कोण काय उचलणार आणि कोण कुठे अडलाय हे एकमेकांशी बोलून ठरवणं, त्याला दोन्हीकडची माणसं जागी आणि कामावर लागतात.

त्या प्रकरणानंतर आम्ही चिठ्ठीला चारच गोष्टी ठेवल्या, काय बदललं, त्यातलं तात्पुरतं काय, कुणी बघायचं, कधीपर्यंत. त्या रात्रीची चिठ्ठी अशी असती: "इम्पोर्ट जॉबमध्ये तारीख रिकामी असलेल्या ओळी वगळल्या. हे तात्पुरतं आहे, २१२ ओळी बाकी. दिवसवाल्यांनी तारखा भरून परत चढवायच्या. साडेसहाच्या आत. तिकीट बंद करू नका." लिहायला पाच मिनिटं लागतात. चिठ्ठी तिकिटातच ठेवायची, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे ती गुड मॉर्निंगच्या खाली जाते.

म्हणूनच "ग्रुपवर मेसेज टाकावा" हेही मला पटत नाही, म्हणजे हँडओव्हरला लेखी हवंच, पण स्टँडअपच्या बदल्यात लेखी चालत नाही. मेसेजवर लोक "काल हे केलं, आज हे करणार" असं लिहितात, अडचण लिहीत नाहीत, आणि लिहिली तरी वाचणारा अंगठा देतो आणि पुढे जातो. शिवाय पाच जण तोंडानं बोलतात आणि चार जण लिहितात तेव्हा निर्णय बोलणाऱ्यांचे होतात, चार जणांना ते नंतर कळतात.

मग वेळ कुठली? शिस्तीबद्दल मी त्या मेसेजशी सहमत आहे, वेळ एकच हवी आणि रोज तीच हवी. फक्त ती दोन शिफ्ट जिथे एकमेकांवर येतात त्या पट्ट्यात शोधायची. आमचा पट्टा अडीच ते साडेसहा. अगदी अडीचला नको, कारण आलेल्या माणसाला चिठ्ठी आणि बोर्ड वाचायला अर्धा तास लागतो, आणि जुलैत तर रेनकोट काढून डोकं पुसेपर्यंतच दहा मिनिटं जातात. शेवटालाही नको. आम्ही एकदा पावणेसहा करून बघितलं, दिवसवाल्यांचं निम्मं लक्ष एसटीकडे, आणि समजा कुणी म्हणालं की मला डेटाबेसवाल्याची मदत हवी, तर तो माणूस पाऊण तासात घरी जाणार, म्हणजे अडचण कळली पण सुटली नाही. स्टँडअपनंतर दोन तास तरी दोघं बरोबर बसू शकतील एवढी जागा ठेवायची. वेळ ठरवताना बहुतेक लोक नेमकं हेच बघत नाहीत.

एवढ्यावरून ३ ची वेळ काढली असती, पण अमेरिकेचं घड्याळ मध्ये येतं. आपलं घड्याळ वर्षभर एकच, तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. त्यामुळे नोव्हेंबरात आमची लेट शिफ्ट साडेतीन ते साडेबारा होते आणि ३ चा स्टँडअप परत त्यांच्या शिफ्टच्या बाहेर पडतो. दोन्ही ऋतूंत सामाईक उरतो तो साडेतीन ते साडेसहा, त्यात पुढे अर्धा तास वाचायला, मागे दोन तास बरोबर काम करायला, म्हणजे ४ ते साडेचार. आम्ही ४ धरले, आणि तेव्हापासून वर्षभर वेळ हलवावी लागत नाही.

हलली एकदाच, पहिल्याच नोव्हेंबरात. मीटिंग लावली होती क्लायंटकडच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं, त्यांच्या टाइमझोनमध्ये सकाळी साडेसहा, आम्हाला कॉपी असावी म्हणून. घड्याळ मागे गेलं आणि सोमवारी आमच्या कॅलेंडरवर तीच मीटिंग ५ वाजता दिसायला लागली, अर्धे ४ ला जॉईन, अर्धे ५ ला. त्यामुळे मीटिंग आपल्याकडच्या माणसानं लावायची आणि टाइमझोन `America/New_York` न ठेवता `Asia/Kolkata` ठेवायचा.

वेळ चुकलीय हे ओळखायला सर्व्हे नको, दोन आठवडे फक्त कान द्या. एकच माणूस रोज तेच वाक्य बोलतोय का, आणि लेट शिफ्ट आल्यावर चहाच्या टपरीवर सकाळचंच सगळं परत सांगितलं जातंय का. आमच्याकडे पावणेतीनला टपरीवर जे बोलणं व्हायचं तोच खरा स्टँडअप होता, १० चा नुसता हजेरीचा.

हे सगळं पट्टा असेल तरच. रात्री साडेबारा ते सकाळी साडेनऊ अशी शिफ्ट असेल तर दिवसवाल्यांबरोबर सामाईक वेळच नाही, तिथे नऊ जणांचा एक स्टँडअप ओढूनताणून घेऊ नका. शिफ्टप्रमाणे दोन घ्या, आणि रोज रात्रवाल्यांपैकी एकानं शिफ्ट अर्धा तास उशिरा संपवून दिवसवाल्यांच्या स्टँडअपला बसावं, पाळीपाळीनं, आणि तो अर्धा तास त्याच्या तासांत धरून, दुसऱ्या दिवशी तेवढं उशिरा यायची मुभा देऊन.