कार्यक्रम संपला, आता नंबरांच्या यादीचं काय?

कार्यशाळेला नाव नोंदवताना माणूस फोन नंबर आणि मेल देतो ते त्या कार्यक्रमापुरते. वेळ बदलली तर कळावं, प्रमाणपत्र मेलवर यावं, एवढ्यासाठी. ‘पुढच्या वर्षी उपयोगी पडेल’ म्हणून ती यादी ठेवून देणं मला सरळसरळ चूक वाटतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो: काम झालं की माहिती पुसा, दुसऱ्या कायद्यानं ती ठेवणं भाग असेल तेवढीच ठेवा.

पण पुसायची कुठून, इथेच घोळ होतो. समजा, १४० जणांनी गूगल फॉर्म भरला. उत्तरं फॉर्ममध्ये असतात आणि जोडलेल्या शीटमध्येही. शीटमधल्या ओळी उडवल्या तरी फॉर्ममधली उत्तरं तशीच राहतात. नंबरांचा कॉलम डिलीट केला तरी Version history मध्ये तो सापडतो आणि एडिट करू शकणारा कुणीही तो परत आणू शकतो.

म्हणून कार्यक्रमाच्या रात्रीच फॉर्म बंद करा आणि शीटचं शेअरिंग Anyone with the link वरून Restricted वर आणा. घाईत नावानिशी दिलेले अधिकारही काढा. मग शीटची लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा. लॉगिन न मागता यादी दिसली, तर ती अजून जगासाठी उघडी आहे.

प्रमाणपत्रं आणि तक्रारींसाठी एक महिना पुरतो. त्यानंतर, ‘पुढच्या कार्यक्रमाची माहिती हवी’ यावर ज्यांनी स्वतः टिक केली होती, समजा ५२ जण, त्यांची नावं आणि मेल नव्या कोऱ्या शीटमध्ये घ्या. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन ही संमती नव्हे. फीच्या हिशेबाला नाव, रक्कम, पावती क्रमांक पुरतात, ते वेगळे काढा. मग फॉर्मच्या Responses मध्ये Delete all responses करा, आणि जुनी शीट ज्याच्या मालकीची आहे त्याच्याच खात्यातून ती उडवून Trash रिकामी करा, नाहीतर ती तिथे ३० दिवस पडून राहते. मालक नसलेल्यानं डिलीट केली, तर ती फक्त त्याच्या ड्राइव्हमधून दिसेनाशी होते.

राहतात त्या बाहेर गेलेल्या प्रती: कुणाच्या फोनच्या डाउनलोड्समधली एक्सेल फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेली यादी. त्या तुमच्या हातात नाहीत. प्रत्येक स्वयंसेवकाला स्वतंत्र फोन करून त्या पुसायला लावा. ग्रुपवर ‘सर्वांनी डिलीट करा’ लिहिलं की अंगठे येतात, फायली तिथेच राहतात.

आणि दारावरचा सहीचा कागद! त्यावर नंबराचा रकाना असेल, तर सही करणारा प्रत्येक जण आधीच्यांचे नंबर वाचू शकतो, फोटोही काढू शकतो. तिथे नाव आणि नंबराचे शेवटचे चार आकडे पुरतात. एकाच नावाचे दोघे आले तरी ओळखता येतात.